`05/06` म्हणजे नक्की कधी? परदेशी मेलमधल्या तारखा, वेळा आणि आकडे

मृणाल_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टचे मेल बघते. एक्स्पोर्ट विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर, एवढाच. पंधरा दिवसांत एकाच गिऱ्हाइकापुढे दोनदा तोंडघशी पडले, म्हणून विचारतेय.

२८ एप्रिलला न्यूजर्सीहून मेल आला, `Call on 05/06, 11 am EST`. आखाजी दोन दिवसांवर, निम्मे कामगार गावी गेलेले. मी ५ जून धरला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल काढला आणि `Noted` लिहून मोकळी झाले. ६ मेच्या रात्री पावणेनऊला ताटावर बसले होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. `We are waiting for you.` त्यांचं ५/६ म्हणजे पाचवा महिना, सहा तारीख!

माफी मागितली. त्यांनी नवी वेळ दिली, `Tue 05/13, 11 am EST`. तेरावा महिना नसतो, त्यामुळे तारखेचा घोळ नव्हता. आमच्या टेबलासमोर जानेवारीत चिकटवलेला कागद आहे, "अमेरिका अधिक साडेदहा तास". ११ मध्ये साडेदहा मिळवले, रात्रीचे साडेनऊ आले. साडेनऊला लिंक उघडली तर कोणीच नाही. ती मंडळी साडेआठलाच येऊन गेली होती.

शेठ म्हणतात, "त्यांना त्यांच्याच पद्धतीने तारीख लिहीत जा, महिना आधी." मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही. तुम्ही लोक कसं लिहिता?

---

भुसावळचा_भो

ताई, गाडी उलट्या बाजूने चालवणारे लोक, तारीखही उलटीच चालवणार ना भो.

---

चाळीसगाव_टू_पुणे

एकदम सोपं आहे. जगात एक ठरलेली पद्धत आहे, आयएसओ ८६०१. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: `2025-05-06`. वेळ कायम यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत लिहायची. आमच्या कंपनीत सगळं असंच चालतं. विषय संपला.

---

रावेर_केळीवाला

विषय कसला संपतो साहेब, माझा तर आता सुरू होतोय.

मी केळी पाठवतो. माल दुबईला उतरतो, पण खरेदी करणाऱ्याचं ऑफिस जर्मनीत आहे. पहिल्या कंटेनरच्या वेळी त्याचा मेल आला, `Please confirm 20.020 kg`. मी आमच्या पोराला म्हटलं, हा माणूस चाळीस फुटी रीफर पाठवतोय आणि मागतोय वीस किलो केळी! वीस किलो तर आमच्या सावद्याच्या हातगाडीवर संध्याकाळपर्यंत खपतात. पोरगा म्हणाला, बाबा, नमुना मागत असेल. आम्ही खरंच दोन खोकी बाजूला काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी फोन झाला तेव्हा कळलं. तेरा किलोचं खोकं, १५४० खोकी, म्हणजे २०,०२० किलो. जर्मन माणूस हजाराच्या जागी टिंब देतो आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम. आपलं बरोबर उलटं. तेव्हापासून मी वजन लिहिताना मधे टिंबही देत नाही नि स्वल्पविरामही देत नाही. सरळ `20020 kg` आणि कंसात `1540 boxes x 13 kg`. गुणाकार करून बघा म्हणावं.

---

नानासाहेब_अमळनेर

आखाजी या वर्षी ३० एप्रिललाच होती, पंचांगात स्पष्ट दिलं आहे. तारखेचा घोळ इंग्रजी महिन्यांमुळे होतो. वैशाख शुद्ध तृतीया म्हटलं की जगात कुठेही एकच.

---

भुसावळचा_भो

नाना, न्यूजर्सीवाल्याला `Vaishakh Shuddha` पाठवून बघू का? चटई घ्यायचंच बंद करेल तो.

---

निवृत्त_फॉरेक्स_धुळे

मृणालताई, तुमच्या शेठचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. कारण सांगतो.

मी बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. गिऱ्हाइकाच्या पद्धतीने लिहायचं ठरवलं, की आज अमेरिकन, उद्या दुबईचा, परवा लंडनचा, प्रत्येकाला वेगळं लिहिणं आलं. मग एक दिवस तुम्ही लंडनच्या माणसाला सवयीने महिना आधी लिहून बसता. शिवाय समोरच्याला कसं कळावं, की तुम्ही त्याच्यासाठी उलटं लिहिलंय का तुमच्या सवयीने सुलटं? हुशार अमेरिकन माणूस तुमचा भारतीय पत्ता बघून मुद्दाम दिवस आधी वाचेल, आणि तुम्ही तर त्याच्यासाठी महिना आधी लिहिलेला असेल! दोघंही समजूतदार, आणि दोघंही चुकीचे.

उपाय जुनाच आहे, महिना अक्षरात लिहा. `6 May 2025`. एलसीची, म्हणजे बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्राची कागदपत्रं तपासताना बँका जी आंतरराष्ट्रीय पुस्तिका वापरतात, तीसुद्धा म्हणते की तारीख कोणत्याही स्वरूपात चालेल, पण संदिग्धता टाळायला महिना शब्दात लिहावा.

आणि सोबत वार लिहा. वार हा फुकटचा तपासनीस आहे. `Tue 6 May` लिहिलं असतं तर तुम्ही कॅलेंडर बघताना लगेच अडखळला असता, कारण ५ जून हा गुरुवार आहे. वार आणि तारीख जुळत नाही म्हणजे कोणीतरी चुकलंय, लगेच विचारायचं. तुमच्या दुसऱ्या मेलमध्ये वार होता, पहिल्यात नव्हता, हे लक्षात आलं का?

---

चाळीसगाव_टू_पुणे

काका, पण आयएसओ लिहिलं तर अक्षरात लिहायची गरजच काय? `2025-05-06` ला दुसरा अर्थच नाही.

---

निवृत्त_फॉरेक्स_धुळे

फाइलच्या नावात आणि संगणकाच्या रकान्यात तुमचं शंभर टक्के बरोबर. चार आकडी वर्ष पुढे असलं की घोळ नाही. अडचण तिथे येते जिथे माणूस वर्ष छोटं करतो.

एक खरी गोष्ट सांगतो. बँकांच्या स्विफ्ट संदेशाने येणाऱ्या एलसीत तारीख सहा आकडी असते, वर्ष-महिना-दिवस. २०१९ मध्ये आमच्याकडे एका कारखानदाराची एलसी आली. माल चढवायची शेवटची तारीख अशी होती:

```
:44C:190605
:32B:USD18400,00
```

गृहस्थांनी कोणाकडून तरी मोबाइलवर याचा फोटो मागवला आणि स्वतःच वाचला: १९-०६-०५, म्हणजे १९ जून. खरी तारीख होती ५ जून २०१९. त्यांनी निवांत माल भरला, न्हावाशेवाला कंटेनर जहाजावर चढला १२ जूनला, आणि जहाज कंपनीच्या पावतीवर, बिल ऑफ लेडिंगवर तीच तारीख आली. कागद आमच्याकडे आल्यावर आम्हाला `late shipment` ची त्रुटी लिहावीच लागली. एकदा त्रुटी लागली की बँकेची पैसे देण्याची हमी उडते, सगळं खरेदीदाराच्या मर्जीवर जातं. त्याने शेवटी स्वीकारलं, पण भावात सूट घेऊन.

आणि दुसऱ्या ओळीकडे बघा. स्विफ्टमध्ये स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह, हजाराची खूण नसतेच. ती रक्कम अठरा हजार चारशे डॉलर. गृहस्थांच्या मुलाने ती १८,४०,००० वाचली होती. त्या दिवशी घरी पेढे वाटले असावेत.

---

भुसावळचा_भो

काका, त्या पेढ्यांचं बिल कोणत्या चलनात भरलं?

---

सावद्याची_मावशी

माझा काही धंदा नाही, पण साडेदहा आणि साडेनऊ तासांचं दुखणं मला चांगलं माहीत आहे.

माझी लेक टोरोंटोत शिकते. गेल्या वर्षी ३ नोव्हेंबरला भाऊबीज होती, रविवार. ठरलेलं होतं की दर रविवारप्रमाणे तिची सकाळ आठची वेळ, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. मुलाला पाटावर बसवलं, निरांजन लावलं, मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. लेक फोन उचलेना. पाऊण तास वाट बघितली, निरांजनात दोनदा तूप घातलं, पोरगं कावलं. साडेसहाला तिचाच फोन आला, "आई, माझे आत्ता आठ वाजले!" त्याच पहाटे तिकडच्या लोकांनी घड्याळं तासभर मागे घेतली होती.

मग माझी एक शंका. मृणालचा कागद जानेवारीचा होता म्हणून चुकला का?

---

निवृत्त_फॉरेक्स_धुळे

मावशी, तुम्ही अचूक पकडलं. अमेरिकेत आणि कॅनडाच्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपण घड्याळाला हातच लावत नाही. म्हणून न्यूयॉर्क-टोरोंटोशी आपला फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ.

खरी गंमत पुढे आहे. `EST` मधला S म्हणजे स्टँडर्ड, हिवाळ्याची वेळ. मे महिन्यात त्यांच्याकडे `EDT`, उन्हाळ्याची वेळ चालू असते. म्हणजे शब्दशः बघितलं तर मृणालताईंचा साडेनऊचा हिशेब मेलप्रमाणे बरोबर होता आणि मेल चुकीचा होता! पण तिकडचे लोक बारा महिने `EST` लिहितात, त्यांच्या मनात अर्थ एवढाच असतो की "आमच्या घड्याळात अकरा".

---

चाळीसगाव_टू_पुणे

यासाठीच मी यूटीसी म्हटलं होतं.

---

मृणाल_जळगाव

दादा, मी आज प्रयोग केला. शेठना विचारलं, "कॉल `15:00 UTC` ला आहे, किती वाजता येणार?" ते म्हणाले, "यूटीसी ही कोणती पार्टी?"

पण खरंच, गिऱ्हाईक चटईचा दुकानदार आहे, त्यालाही बोटं मोडून हिशेब करावा लागेल ना? आणि काका, तो `EST` लिहितो आणि त्याच्या मनात `EDT` असतं, हे मला कळणार कसं? दर वेळी "साहेब, तुमचं चुकलं" असं लिहायचं का?

---

चाळीसगाव_टू_पुणे

बरं बाबा, दुकानदाराला यूटीसी नको, मान्य. पण कळण्याचा एक रस्ता आहे. जीमेलमध्ये तो मेल उघडा, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जाऊन `Show original` दाबा. वरच्या ओळींत अशी एक सापडेल:

```
Date: Mon, 28 Apr 2025 10:12:07 -0400
```

बघा, मेलचा संगणक स्वतः वार लिहितो, महिना अक्षरात लिहितो, वर्ष चार आकडी लिहितो. काकांचा सल्ला तो केव्हापासून पाळतोय. शेवटचं `-0400` म्हणजे पाठवणाऱ्याचं घड्याळ यूटीसीच्या चार तास मागे. आपण साडेपाच तास पुढे. चार अधिक साडेपाच, साडेनऊ. तिथे `-0500` असतं तर साडेदहा.

मात्र यावर डोळे मिटून विसंबू नका. बऱ्याच कंपन्यांच्या मेलमध्ये तिथे `+0000` येतं, ते सर्व्हरचं घड्याळ असतं, माणसाचं नाही. तेव्हा काही कळत नाही.

---

मृणाल_जळगाव

बघितलं! २८ तारखेच्या मेलमध्ये `-0400` च आहे. म्हणजे उत्तर माझ्याच डब्यात पडून होतं.

---

धुळेकर_लंडन

लंडनहून लिहितोय. इकडचं वेळापत्रक अजून वेगळं आहे. आमची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. या वर्षी अमेरिका ९ मार्चला बदलली, आम्ही ३० मार्चला. मधले तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्कचा फरकही पाच तासांऐवजी चार होता, आणि आमच्या ऑफिसात अर्धे लोक मीटिंगला तासभर आधी नाहीतर नंतर. तिन्ही ठिकाणची माणसं एका मेलवर असली, तर मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी वेळ दुप्पट तपासा.

आणि `IST` वर फार भिस्त ठेवू नका. आमच्या डब्लिनच्या ऑफिसात `IST` म्हणजे आयर्लंडची उन्हाळी वेळ. तिथल्या बाईने "३ `IST`" वाचून दुपारचे तिचे तीन धरले. भारतात तेव्हा साडेसात वाजलेले. मी आता सरळ `India time` लिहितो. तसंच `New York time`, `London time`. शहराचं नाव लिहिलं की उन्हाळा-हिवाळ्याची कटकट त्या शहराची, आपली नाही.

---

रावेर_केळीवाला

आमच्या दुबईला हा ताप नाही. तिकडे घड्याळ हलत नाही, बारा महिने दीड तास मागे. पण सौदीचं बघा, शुक्र-शनि सुट्टी. आपण शुक्रवारी दुपारी "आज उत्तर द्या" लिहिलं की उत्तर रविवारी, आणि रविवारी आपण शेवभाजीवर ताव मारत असतो.

---

पारोळा_एक्सेल

तारखेवरून माझं रडगाणं. मी एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. परदेशी पार्टीने डिस्पॅचची यादी सीएसव्ही फाइलमध्ये पाठवली, दिवस आधी, महिना नंतर, आपल्यासारखीच. माझ्या लॅपटॉपवर विंडोजची सेटिंग अमेरिकन राहून गेलेली. फाइल उघडली तर `03/06/2025` हा ३ जून गुपचूप ६ मार्च झाला. पण `14/06/2025` चौदावा महिना नसल्यामुळे बदलला नाही, तो नुसता मजकूर म्हणून पडून राहिला. यादीतल्या साठ ओळींपैकी काही उलटल्या, काही नाहीत. सगळ्या उलटल्या असत्या तर लगेच कळलं असतं हो.

ओळखायची खूण सांगतो. रकाना जरा रुंद करा. काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या, की समजा घोळ झाला. उजवीकडच्या खऱ्या तारखा झाल्यात, म्हणजे त्याच बिघडलेल्या. डावीकडच्या मजकूर राहिल्यात, त्या शाबूत. मी डावीकडच्याच दुरुस्त करत बसलो होतो, दोन तास!

---

चाळीसगाव_टू_पुणे

हाच प्रकार रोज बघतो. अशी फाइल दोनदा टिचकी मारून उघडूच नका. एक्सेलमध्ये `Data` मधून `From Text/CSV` ने आत घ्या आणि `Transform Data` मध्ये त्या रकान्याच्या प्रकारात `Using Locale` निवडून दिवस आधी लिहिणारा देश सांगा. एकदा उघडून सेव्ह केली असेल, तर मेलमधली जोडलेली फाइलच नव्याने घ्या.

बाय द वे, मी मोजून पाहिलं. दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत असे वर्षात १४४ दिवस. त्यातले ०१/०१, ०२/०२ असे बारा दिवस उलटे वाचले तरी तेच. उरले १३२. वर्षातले १३२ दिवस असे आहेत की आकड्यात लिहिलेली तारीख कोणाला तरी फसवू शकते.

---

नानासाहेब_अमळनेर

आणि पंचांगात एकही नाही.

---

सावद्याची_मावशी

पैशाचं कोणी बोलेल का? लेकीच्या कॉलेजने `$2,000` आगाऊ मागितले होते. मी अमेरिकन डॉलर धरून, पंच्याऐंशीच्या भावाने, एक लाख सत्तर हजारांची जुळवाजुळव केली. बँकेतल्या मुलीने विचारलं, "मावशी, कॅनडाचा डॉलर ना?" तो साठ-एकसष्टच्या आसपास होता. जवळजवळ पन्नास हजारांचा फरक! बरं झालं तिने विचारलं.

---

निवृत्त_फॉरेक्स_धुळे

त्या मुलीने नीट काम केलं. `$` ही खूण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळ्यांची. `Rs` सुद्धा पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस वापरतात. म्हणून रकमेच्या आधी तीन अक्षरी कोड: `USD`, `CAD`, `INR`, `AED`. मेलमध्येही तोच आणि इन्व्हॉइसमध्येही तोच. मेलमध्ये `$` आणि इन्व्हॉइसवर `USD` असं दोन ठिकाणी दोन प्रकार ठेवू नका.

---

मृणाल_जळगाव

लाख-कोटीचं काय करता? आमच्या शेठनी एकदा मशीनच्या चौकशीत तैवानच्या पार्टीला `Budget 12,40,000` लिहिलं. तिकडून उत्तर आलं, "एक आकडा राहिला का? १,२४०,००० का १२,४००,०००?" आपण दोन-दोनचे गट करतो हे त्यांना माहीतच नाही. मग शेठनी मदत म्हणून लिहिलं, `12.4 Lacs`. त्यावर उत्तर, `What is Lacs?`

---

पारोळा_एक्सेल

आमच्याकडे `2 Cr` लिहिलेलं समोरच्याने `Credit` वाचलं होतं. दोन रुपये जमा, असं.

---

रावेर_केळीवाला

म्हणून म्हणतो, स्वल्पविरामच नको. `INR 1240000`.

---

निवृत्त_फॉरेक्स_धुळे

रावेरकर, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. सात आकड्यांची रांग झाली की माणूस मोजताना चुकतो. तुमचं वीस हजार किलोपर्यंत ठीक आहे. मोठ्या रकमेला मी तीन-तीनचे गट करतो आणि खाली अक्षरात लिहितो, `one million two hundred forty thousand`. जर्मन माणसाने स्वल्पविरामाला दशांश समजलं, तरी एका आकड्यात दोन दशांश कसे असतील? तिथेच तो थांबतो.

---

रावेर_केळीवाला

आणि `1,250` असेल तर? एकच स्वल्पविराम. सव्वा का साडेबाराशे?

---

निवृत्त_फॉरेक्स_धुळे

हं. तिथे तुमचा मुद्दा खरा आहे. अशा वेळी मी पुढे `.00` जोडायचो, `1,250.00`. दोन्ही खुणा दिसल्या की कोण काय ते कळतं. पण तुमच्यासारखं नुसतं `1250` लिहिलेलंही चालेल.

---

धुळेकर_लंडन

मृणाल, एक राहिलं. कॉल असला की मेलमध्ये वेळ लिहून थांबू नकोस, कॅलेंडरचं आमंत्रण पाठव. ते प्रत्येकाला आपापल्या घड्याळात दिसतं. फक्त दोन ठिकाणी जपायचं. आमंत्रणाच्या नावात `Call 11am` लिहिलंस तर ते अकराच राहतात, ते कोणी बदलत नाही. आणि दर आठवड्याचं आमंत्रण न्यूयॉर्कच्या वेळेवर लावलं असेल, तर तुझा साडेआठचा कॉल २ नोव्हेंबरनंतर आपोआप साडेनऊचा होईल. तेव्हा फसवलं म्हणू नकोस.

---

भुसावळचा_भो

म्हणजे कागद आता दोन लावायचे. एक मार्चचा, एक नोव्हेंबरचा.

---

मृणाल_जळगाव

कागद फाडला भो.

काल असं लिहून पाठवलं:

```
Tue 10 June 2025
11:00 am New York time / 8:30 pm India time
Order value: USD 18,400.00
```

"तुमचं चुकलं" वगैरे काही लिहिलं नाही. त्यांची वेळ त्यांच्या शहराच्या नावाने लिहिली, खाली आपली लिहिली, आणि "बरोबर आहे ना, कळवा" एवढंच विचारलं. आमंत्रण वेगळं पाठवलं. शेठना दाखवलं तर म्हणाले, "एवढं लांबलचक कशाला?" मी म्हटलं, मागच्या दोन कॉलपेक्षा छोटंच आहे.

आज सकाळी त्यांचं उत्तर आलं:

```
Perfect! See you 6/10, 11 am EST.
```

---

रावेर_केळीवाला

सहा ऑक्टोबर का हो?

---

निवृत्त_फॉरेक्स_धुळे

सहा ऑक्टोबर सोमवार आहे. तुम्ही मंगळवार लिहिलाय, ताई. साडेआठला बसा.